लेनमधले क्रीप मी मारू की नको?

*मी आणि माझा मामेभाऊ दोन महिन्यांपासून रात्री डोटा 2 खेळतो. तो कॅरी खेळतो, मला सपोर्टला ठेवतो आणि सारखा ओरडतो. 'लेन पुश करू नकोस', 'लास्ट हिट मला घेऊ दे', 'कॅम्प पुल कर'. मी क्रीप मारले तरी चुकतं, नुसती उभी राहिले तरी चुकतं. लेन म्हणजे रस्ता एवढं मला कळतं, पुढचं काही नाही. नीट सांगाल का?*
*— प्राची, चिंचवड*

प्राची, तुमचा भाऊ ओरडतो तो रास्त ओरडतो, पण अर्धंच सांगतो. लेन, लास्ट हिट आणि कॅम्प या तिन्हींची गाठ एका जागेशी आहे: दोन्ही बाजूंचे क्रीप, म्हणजे आपोआप चालून येणारे शिपाई, नकाशावर जिथे एकमेकांना भिडतात ती जागा. ती तुमच्या टॉवरजवळ राहिली तर कॅरी निवांत पैसे कमावतो. ती समोरच्यांच्या टॉवरकडे सरकली की तोच कॅरी उघड्यावर पडतो आणि मार खातो. सपोर्ट म्हणून तुमचं पहिल्या दहा मिनिटांतलं बरंचसं काम ही जागा सांभाळण्याचं आहे.

आधी लेन. नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात रेडियंटचा तळ, वरच्या उजव्या कोपऱ्यात डायरचा. दोन्ही तळांना जोडणारे तीन रस्ते: वरचा, मधला, खालचा. घड्याळात 0:00 झाले की दोन्ही तळांतून प्रत्येक रस्त्यावर चार क्रीपची एक तुकडी निघते, म्हणजे वेव्ह. तीन हातघाईचे, एक दुरून मारणारा. त्यानंतर दर 30 सेकंदांनी नवी वेव्ह. पाच मिनिटांनंतर अधूनमधून गाड्यासारखा सीज क्रीप त्यांच्यात येतो, तो टॉवर फोडायला उपयोगी. रेडियंटकडून खेळताना खालची लेन तुमची सेफ लेन असते आणि डायरकडून खेळताना वरची. सेफ म्हणायचं कारण एवढंच, की तिथे तुमचा टॉवर क्रीप भिडतात त्या जागेच्या जवळ असतो आणि शेजारच्या जंगलात तुमच्या हातातला एक छोटा कॅम्प असतो. समोरच्या संघासाठी हीच लेन ऑफ लेन. मधल्या लेनमध्ये बहुधा एकास एक.

आता पैसा. क्रीपला कोणी किती मारलं याचा हिशोब गेम ठेवत नाही. शेवटचा घाव ज्या हिरोचा, सोनं पूर्ण त्याचं. तुमच्याच क्रीपने किंवा टॉवरने समोरच्या क्रीपचा जीव घेतला तर ते सोनं कोणालाच मिळत नाही. एका हातघाईच्या क्रीपचं साधारण 35 ते 40 सोनं, दुरून मारणाऱ्याचं त्याहून थोडं जास्त. पॅचमागे पॅच हे आकडे थोडे हलतात, पण एका वेव्हचे सुमारे दीडशे धरून चाला. मिनिटाला दोन वेव्ह म्हणजे तीनशे. काहीही न करता जे सोनं आपोआप जमत राहतं ते याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं. कॅरीची सगळी ताकद विकत घेतलेल्या आयटममधून येते, म्हणून एका लेनमधलं सोनं दोघांत वाटण्यापेक्षा एकाकडेच गेलेलं बरं. तुमचा भाऊ 'मला घेऊ दे' म्हणतो ते यासाठी.

अनुभवाचं, म्हणजे एक्सपीचं, गणित वेगळं आहे. समोरचा क्रीप मरताना 1500 अंतराच्या आत जे हिरो असतील त्यांच्यात अनुभव वाटला जातो, मारला कोणी याला महत्त्व नाही. त्यामुळे तुम्ही एकही क्रीप न मारता जवळ उभ्या असलात तरी लेव्हल वाढते. आणि नेमक्या त्याच वेळी भावाच्या वाट्याचा अनुभव अर्धा होतो. तुम्ही मधूनमधून लेनपासून दूर, कॅम्पकडे जावं असं त्याला वाटतं त्यामागे हेही एक कारण आहे, जरी त्याने ते तोंडाने सांगितलं नसेल.

लास्ट हिट जमायला हातापेक्षा नजर लागते. समजा तुम्ही क्रिस्टल मेडन खेळताय आणि भाऊ तळावर गेलाय. हातघाईच्या क्रीपचा जीव 550, दुरून मारणाऱ्याचा 300. तुमचा घाव पन्नासचा दिसत असला तरी हातघाईच्या क्रीपला थोडं चिलखत असतं, त्यात दहा-अकरा टक्के जातात आणि प्रत्यक्ष बसतात 45. म्हणजे जीव 45 वर आला की मारायचं? तसं केलंत तर सोनं हुकणार. क्रिस्टल मेडनचा बर्फाचा गोळा सावकाश जातो. त्याचा वेग 900 आणि ती मारते 600 अंतरावरून, म्हणजे हातातून सुटल्यावर पोचायला पाऊण सेकंदाच्या जवळपास लागतो. हात उचलायला लागतो तो वेळ वेगळाच. तेवढ्यात तुमचे क्रीप काम उरकून टाकतात. एक हातघाईचा क्रीप सेकंदाला एक घाव घालतो, चिलखत वजा जाता एकोणीस-वीसचा. समोरच्या क्रीपवर तुमचा एकच क्रीप तुटून पडला असेल तर त्याचा जीव पंचावन्न-साठवर असताना गोळा सोडा. चारही क्रीप त्याच्यावर असतील तर गोळा हवेत असताना पन्नासेक जीव जातो, म्हणून पंच्याण्णवच्या आसपासच सोडायला हवा. याउलट स्नायपरच्या गोळीचा वेग 3000. त्याला हे गणित जवळजवळ लागत नाही. नवख्या माणसाने दोन्ही हिरो लागोपाठ खेळून बघितले तर फरक हाताला लगेच कळतो.

म्हणून एखाद्या क्रीपचा जीव कमी होताना दिसला की आधी बघायचं, त्याला मारतंय कोण आणि किती जण. आकडे मनात मांडत बसायची गरज पडत नाही. जीवाची पट्टी किती वेगाने खाली येतेय ते बघितलं की पुरतं.

इथे एक सेटिंग बऱ्याच जणांचं नुकसान करतं. हिरो मोकळा उभा राहिला की आपोआप समोरच्या क्रीपला मारत सुटतो, आणि तुम्हाला वाटतं आपण तर काहीच केलं नाही. ऑप्शन्समध्ये `Auto Attack` शोधा आणि `Never` वर ठेवा. मारायला सुरुवात केली आणि वाटलं की लवकर होतंय, तर `S` दाबून हात मागे घ्या आणि पुन्हा मारा. जुने खेळाडू क्रीपसमोर सारखे अर्धवट हात उगारताना दिसतात ते हेच.

आता 'पुश करू नकोस' याकडे येऊ. दोन्ही वेव्ह सारख्याच ताकदीच्या असतात. कोणी हात लावला नाही तर त्या एकमेकींना जवळपास बरोबरीने संपवतात आणि पुढची वेव्ह त्याच जागी भिडते. तुम्ही नुसतं उभं राहायचा कंटाळा येऊन समोरच्या क्रीपना चार-पाच घाव जास्तीचे घातले, की ते आधी मरतात आणि तुमचे दोन क्रीप अर्ध्या जीवाने उरतात. पुढच्या वेव्हला तुमच्याकडे सहा, त्यांच्याकडे चार. ते अजून लवकर मरतात, तुमचे अजून जास्त उरतात आणि सगळी गर्दी पुढे सरकत समोरच्या टॉवरखाली जाते. तिथे लास्ट हिट घ्यायला भावाला शत्रूच्या टॉवरच्या टप्प्यात जावं लागतं, मागून कोणी आलं तर पळायला अख्खी लेन पडलेली असते. त्याला तीन मिनिटांनी जो त्रास होतो त्याचं मूळ तुमच्या त्या चार-पाच घावांत असतं. त्यामुळे तो नेमका कशावर चिडलाय हे तुम्हाला दिसत नाही.

मग हात अगदीच बांधून बसायचं का? नाही, डिनाय करायचं. तुमच्याच क्रीपचा जीव निम्म्याच्या खाली गेला, म्हणजे हातघाईचा 275 च्या आणि दुरून मारणारा 150 च्या खाली, की तुम्ही त्याला स्वतःच मारू शकता. `A` दाबून त्याच्यावर क्लिक करा, किंवा `Right-Click to Force Attack` चालू करून नुसतं राइट क्लिक. शेवटचा घाव तुमचा बसला तर समोरच्याला त्या क्रीपचं सोनं मिळत नाही आणि अनुभवही कमी मिळतो. शिवाय तुमच्या बाजूचा एक क्रीप लवकर कमी झाल्याने भिडण्याची जागा तुमच्या टॉवरकडे सरकते. सपोर्टसाठी याहून फायद्याचा घाव दुसरा नाही. मधल्या वेळात समोरच्या हिरोला मारा, त्याने लेनवर काही परिणाम होत नाही. फक्त त्याच्यावर क्लिक करताना शत्रूचे क्रीप जवळपास, 500 अंतराच्या आत असतील तर ते तुमच्यावर उलटतात. तसे उलटले की आपल्या एखाद्या क्रीपवर `A` क्लिक करा, ते बहुधा तुमचा नाद सोडतात. किंवा सरळ टॉवरच्या दिशेने चार पावलं मागे या. क्रीप तुमच्यामागे येतात आणि लेन आपोआप मागे ओढली जाते, हाही एक उपयोगच.

उरला कॅम्प. तीन लेनच्या मधल्या झाडीत ठिकठिकाणी कोणत्याच बाजूचे नसलेले प्राणी असतात. छोट्या कॅम्पमध्ये कोबोल्ड किंवा हार्पी, मध्यममध्ये लांडगे किंवा ओगर, मोठ्यात सेंटॉर वगैरे, आणि एन्शंट कॅम्पमध्ये काळे ड्रॅगन किंवा तसलेच दांडगे. ते घड्याळात 1:00 ला पहिल्यांदा येतात आणि नंतर दर मिनिटाच्या ठोक्याला, पण ती जागा रिकामी असेल तरच. कॅम्पभोवती एक अदृश्य चौकोन असतो. त्या ठोक्याला चौकोनात कोणीही असेल, प्राणी, हिरो किंवा टेहळणीसाठी पुरलेला अदृश्य वॉर्डसुद्धा, तर नवे प्राणी येत नाहीत. `Alt` दाबून धरलंत तर हे चौकोन पडद्यावर दिसतात. लास्ट हिटचा नियम इथेही तोच, शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याचं.

या चौकोनाच्या नियमातून दोन युक्त्या निघतात. एक स्टॅक: ठोक्याच्या आधी प्राण्यांना डिवचून चौकोनाबाहेर पळवत न्यायचं, म्हणजे जागा रिकामी दिसते, नवे प्राणी येतात आणि जुने परत येऊन त्यांच्यात मिसळतात. दुसरी पुल: प्राण्यांना डिवचून लेनवर आणायचं, म्हणजे तुमची येणारी वेव्ह त्यांच्याशी भांडायला लागते आणि लेन सोडून जंगलात अडकते.

दोन्ही एकत्र कशा वापरायच्या ते एका मिनिटात बघा. तुम्ही रेडियंटच्या सेफ लेनला आहात. क्रीप भिडतात ती जागा पुढे गेलीय, भाऊ कुरकुरतोय. 1:50 ला लेन सोडून छोट्या कॅम्पकडे जा. 1:53 ते 1:55 च्या दरम्यान एक घाव घाला आणि झाडीतल्या मोकळ्या वाटेने, लेनपासून लांब, पळत सुटा. मागे वळून बघू नका, थांबूही नका. 2:00 ला सगळे प्राणी चौकोनाबाहेर असले की नवे प्राणी येतात आणि कॅम्पमध्ये दुप्पट गर्दी होते. त्याच क्षणी तुमच्या तळातून 2:00 ची वेव्ह निघालेली असते, तिला कॅम्पच्या शेजारी पोचायला पंधरा सेकंद लागतात. 2:15 ला पुन्हा एक घाव घाला आणि या वेळी लेनकडे पळा, येणाऱ्या क्रीपच्या तोंडावर. ते प्राण्यांना बघतात आणि त्यांच्यावर तुटून पडतात. तुमचे चार क्रीप विरुद्ध दुप्पट प्राणी, म्हणजे तुमची वेव्ह तिथेच संपते. दरम्यान तुम्ही अर्धमेल्या प्राण्यांचे लास्ट हिट घ्यायचे. सपोर्टला हक्काचं सोनं मिळायची ही मुख्य जागा, आणि त्यात भावाचं काही जात नाही.

तोवर लेनमध्ये शत्रूच्या वेव्हला समोर कोणी नसतं. ती चालत चालत तुमच्या टॉवरकडे येते आणि भाऊ तिथे उभा असतो. समोरच्या ऑफलेनरपुढे दोन वाईट पर्याय उरतात: तुमच्या टॉवरच्या अंगावर जायचं किंवा लांब थांबून हात चोळायचं. तुमचे क्रीप जंगलात मेले, त्यांचा अनुभव मिळवायला त्याला तुमच्या झाडीत शिरावं लागेल, आणि तिथे तुम्ही दोघं त्याला कोंडीत पकडू शकता.

टॉवरखाली आलेल्या वेव्हचं एक दुखणं आहे. पहिल्या टॉवरचा घाव नव्वदच्या आसपास, चिलखत वजा जाता ऐंशी. भरल्या जीवाच्या हातघाईच्या क्रीपला टॉवरने सहा घाव घातले की सत्तर जीव उरतो. भावाचा एक घाव पन्नासचा, तो मारेपर्यंत सातव्या घावाला टॉवर सोनं खाऊन टाकतो. त्याने सुरुवातीलाच एक घाव घालून ठेवला तर सहाव्या घावानंतर वीसच उरतात आणि लास्ट हिट आरामात पडतो. तुमचे क्रीपही मधे मारत असतील तर हे गणित बिघडतं, पण 'टॉवरखाली एक घाव आगाऊ' हे बहुतेक वेळा चालतं. दुरून मारणाऱ्याला एक पुरत नाही. त्याला चिलखत नाही, तीनशे जीवातून टॉवरचे दोन घाव गेले की एकशेवीस उरतात, म्हणजे भावाचे दोन आगाऊ आणि तिसरा शेवटचा. तो एका क्रीपवर गुंतलेला असेल तेव्हा हा आगाऊ घाव तुम्ही घालायला हरकत नाही. तेवढंच घाला आणि थांबा.

पुल चुकतो तो बहुधा तीन प्रकारे. स्टॅक न करता एकटाच छोटा कॅम्प ओढला, तर प्राणी आधी मरतात आणि तुमचे दोन-तीन क्रीप उरतात. ते उशिराने लेनवर येतात, पुढच्या वेव्हला मिळतात आणि लेन पहिल्यापेक्षा जास्त पुश होते. असे उरताना दिसले तर शेजारच्या दुसऱ्या कॅम्पला डिवचून ते प्राणीही त्याच भांडणात ओढा. दुसरं, वेळ. दोन सेकंद आधी ओढलंत तर प्राणी वेव्ह यायच्या आत कंटाळून परत जातात, दोन सेकंद उशिरा तर वेव्ह पुढे निघून गेलेली असते. 15 आणि 45 हे दोन आकडे पक्के ठेवा आणि चुकलात तर पुढच्या अर्ध्या मिनिटाची वाट बघा, मागे धावू नका.

तिसरं फार लोकांना कळतच नाही. ठोका होऊन गेला, कॅम्पच्या आसपास कोणी नव्हतं, तरी प्राणी आले नाहीत. असं दिसलं की समोरच्याने चौकोनात वॉर्ड पुरून कॅम्प बंद केलाय असं धरा. सेंट्री वॉर्ड लावा म्हणजे तो दिसेल, मग तोडा. पण सेंट्री `Alt` दाबून चौकोनाच्या बाहेर लावा. आत लावलात तर शत्रूचा वॉर्ड तोडूनही कॅम्प बंदच राहतो, आता तुमच्या स्वतःच्या वॉर्डमुळे. असे सपोर्ट पाच-पाच मिनिटं रिकाम्या झाडीकडे बघत उभे असतात.

तुमच्या मित्रमंडळींत कोणी लीग ऑफ लेजेंड्स खेळत असेल तर त्यांचं ऐकून गोंधळू नका. तिथे डिनाय नाही, असा स्टॅकही नाही, आणि जंगल हे एका खेळाडूचं पूर्णवेळ काम असतं. डोटामध्ये जंगल कोणा एकाच्या नावावर नसतं. सुरुवातीला ते सपोर्टचं हत्यार, आणि लेन धोक्याची झाल्यावर कॅरीची कमाई. तुम्ही मोठ्या कॅम्पवर दोन-तीन स्टॅक करून ठेवलेत तर दहाव्या मिनिटानंतर भाऊ ते एका फेरीत उचलतो.

सरावासाठी एकटीची लॉबी उघडा, सेटिंगमध्ये चीट्स चालू करा, बॉट नकोत. आत गेल्यावर चॅटमध्ये हे टाइप केलं की घड्याळ लगेच सुरू होतं:

```
-startgame
```

आधी दहा मिनिटं फक्त लास्ट हिट करा, कुठलंही स्पेल न वापरता. दहा मिनिटांत एका लेनमध्ये शत्रूचे ऐंशीच्या वर क्रीप येतात. समोर कोणी नसताना त्यातले पन्नास मिळाले तर ठीक चाललंय असं समजा. त्यानंतर दुसऱ्या लॉबीत लास्ट हिट विसरा आणि फक्त 1:53 चा स्टॅक, 2:15 चा पुल एवढंच परत परत करा. पळायची वाट अंगवळणी पडेपर्यंत खऱ्या गेममध्ये घड्याळाकडे बघायला सवड मिळत नाही.

आणि 'नुसती उभी राहिले तरी चुकतं' याचं उत्तर: भाऊ मेला किंवा तळावर गेला की ती लेन तुमची. त्या वेळी येणारा प्रत्येक लास्ट हिट घ्या, टॉवरला एकही खाऊ देऊ नका. तो परतताना दिसला की हात आवरा आणि डिनायकडे वळा. त्याला एवढंच विचारून ठेवा की दुरून मारणारा क्रीप त्याला स्वतःला हवा की तुम्ही घेतलेला चालेल. काही कॅरी तो सपोर्टला सोडतात, बहुतेक सोडत नाहीत, आणि पहिल्या पाच मिनिटांतली निम्मी भांडणं त्या एका क्रीपवरून होतात.